काट्यांच्या जुन्या मीटरवर एका महिन्यात १०० युनिटे जास्त आणि पुढच्या महिन्यात तेवढीच कमी का दिसतात?

फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. त्या खोल्यांच्या विजेचा हिशेब ठेवण्यासाठी सोप्यातल्या दारावर एक काट्यांचे जुने मीटर सबमीटर म्हणून बसवलेले आहे. घराचे मुख्य मीटर केव्हाच बदलून आकडे दाखवणारे आले. हे जुने मीटर मात्र चालते आहे, म्हणून कोणी काढले नाही. घरमालकीण काकी दर महिन्याच्या १ तारखेला स्टुलावर चढून रीडिंग घेतात, वहीत लिहितात, मागच्या महिन्याचे रीडिंग वजा करतात आणि येईल तेवढ्या युनिटांचे पैसे भाडेकरूकडून घेतात. ही पद्धत बरोबर आहे. तरीही वर्षातून तीन-चार वेळा त्यांचा आणि भाडेकरूचा वाद होतो, आणि दर वेळी दोघांपैकी कोणीतरी म्हणते की मीटर पळते आहे.

माझे बरेचसे आयुष्य वायरिंग आणि मीटरदुरुस्तीत गेले, त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकींनी मला बोलावले. मी आधी मीटरकडे न जाता वही मागितली. तिच्यात शेवटच्या चार नोंदी अशा होत्या:

१ मार्च: ४७२९
१ एप्रिल: ४८५७ (वापर १२८)
१ मे: ५०९६ (वापर २३९)
१ जून: ५१३८ (वापर ४२)

एप्रिलमध्ये २३९ आणि मे महिन्यात ४२. मे महिन्यात गोव्यात पंखा रात्रभर बंद राहत नाही, आणि भाडेकरू कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणारा एकटा मुलगा असून तो महिनाभर इथेच होता. तेव्हा ४२ हा आकडा खोटा असला पाहिजे. पण तो खोटा ठरला तर २३९ हाही संशयास्पद ठरतो, कारण दोन्ही वजाबाक्यांत १ मेचे रीडिंग आहे. ते रीडिंग १०० ने जास्त लिहिले गेले असेल, तर एप्रिलचा वापर १०० ने फुगतो आणि मेचा बरोबर १०० ने आकसतो. ते १०० काढून पाहिले की एप्रिल १३९ आणि मे १४२ येतात आणि दोन्ही महिने जागेवर बसतात.

माझ्या मते या तक्रारीत सर्वांत आधी पाहायची खूण हीच आहे. खरा वापर वाढला तर पुढच्या महिन्यात तो तेवढाच खाली घसरत नाही, आणि मीटर खरोखर पळत असेल तर ते दर महिन्याला पळते. एक महिना चढलेला, लगेच पुढचा उतरलेला, आणि दोन्हींतला बिघाड १०, १०० किंवा १००० असा नेमका गोल, असे दिसले की मीटरचा दोष शोधण्याआधी वाचनाचा दोष शोधावा.

काटे कसे फिरतात

या मीटरवर चार मोठ्या तबकड्या ओळीने आहेत आणि उजवीकडे एक लहान, लाल काट्याची तबकडी आहे. डावीकडून पहिली हजाराची, दुसरी शंभराची, तिसरी दहाची आणि चौथी एककाची. लाल काटा युनिटाचा दहावा भाग दाखवतो. त्याचा आकडा रीडिंगमध्ये धरायचा नसतो. तो पाचवा अंक म्हणून लिहिला तर वापर दहापट दिसतो.

प्रत्येक तबकडीवर ० ते ९ असे दहा आकडे आहेत. एककाचा काटा एक पूर्ण फेरा करतो तेव्हा दहाचा काटा एक घर पुढे जातो, आणि दहाच्या काट्याचा फेरा झाला की शंभराचा एक घर पुढे जातो. शेजारच्या तबकड्यांची दातेरी चाके एकमेकांत अडकलेली असल्यामुळे लगतचे दोन काटे उलट दिशांनी फिरतात: एक घड्याळासारखा, तर त्याच्या शेजारचा घड्याळाच्या उलट. कोणता कुठल्या दिशेने, हे पाठ करण्याची गरज नाही. तबकडीवरचे आकडे ज्या बाजूने वाढत जातात त्याच बाजूने तिचा काटा जातो, एवढे पाहिले की पुरे. घाईत वाचणारा माणूस मात्र सगळ्या तबकड्या घड्याळासारख्या वाचतो आणि ७ व ८ मधल्या काट्याला २ व ३ मधला समजतो. काकींकडून ही चूक होत नव्हती. त्या आकडे नीट पाहत होत्या.

त्यांची अडचण दुसऱ्या जागी होती. हे काटे टप्प्याटप्प्याने उडी मारत नाहीत, सगळे सतत आणि हळूहळू सरकत असतात. त्यामुळे काटा दोन आकड्यांच्या मध्ये असणे ही नेहमीची स्थिती आहे, आणि अशा वेळी काट्याने ओलांडलेला, म्हणजे लहान आकडा घ्यायचा असतो. ९ आणि ० यांच्या मध्ये काटा असेल तर ९ घ्यायचे, कारण तिथे ० म्हणजे दहा असते. हे काकींना ठाऊक होते. पण काटा अगदी आकड्यावर आलेला दिसला की त्या तोच आकडा लिहीत होत्या, आणि इथेच गणित बिघडत होते. काटा आकड्यावर ‘आलेला’ आहे की ‘येतो’ आहे, हे त्या तबकडीकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही. ते उजवीकडची तबकडी सांगते.

म्हणून रीडिंग उजवीकडून डावीकडे घ्यावे. लिहितानाही एककाचा अंक आधी लिहावा आणि मग डावीकडे सरकत जावे. काटा आकड्यावर दिसला तर नुकत्याच वाचलेल्या उजव्या तबकडीकडे पाहावे. तिचा काटा ० ओलांडून ० किंवा १ च्या घरात असेल, तर डावीकडचा आकडा पूर्ण झालेला आहे; तो घ्यावा. तिचा काटा अजून ८ किंवा ९ च्या घरात असेल, तर डावीकडचा आकडा अजून पूर्ण व्हायचा आहे. त्याच्या आधीचा घ्यावा.

१ मेचे रीडिंग

आता १ मेचे काटे मनासमोर आणावेत. एककाचा काटा ६ ओलांडून ७ कडे निघालेला होता, म्हणून ६. दहाचा काटा ९ आणि ० यांच्या मध्ये, मधल्या रेषेच्या थोडा पुढे होता, म्हणून ९. शंभराचा काटा ० वर टेकल्यासारखा दिसत होता, आणि हजाराचा काटा ५ वर. काकींनी डावीकडून वाचत ५, ०, ९, ६ असे लिहिले. दिसायला त्यात काहीच वावगे नाही, उलट हजाराचा ५ आणि शंभराचा ० एकमेकांशी जुळतात. म्हणून ही चूक पकडायला कठीण असते.

उजवीकडून वाचले तर चित्र बदलते. दहाच्या तबकडीवर ९ आहे, म्हणजे तिचा काटा अजून ० पार करून गेलेला नाही. त्यामुळे शंभराचा काटा ० वर दिसत असला तरी ० झालेले नाही आणि तिथे ९ घ्यावे लागते. शंभराला ९ आले, म्हणजे तोही ० पार करून गेलेला नाही; त्यामुळे हजाराचा काटा ५ वर दिसत असला तरी तिथे ४ घ्यावे लागतात. रीडिंग होते ४९९६. त्यातून ४८५७ वजा केले की एप्रिलचा वापर १३९ युनिटे येतो, आणि ५१३८ मधून ४९९६ वजा केले की मेचा वापर १४२.

याचा ताळा उलट बाजूनेही घेता येतो. रीडिंग खरोखर ५०९६ असते, तर शंभराच्या तबकडीवर ० नंतरचे घर जवळजवळ संपलेले असते, म्हणजे काटा १ ला टेकलेला दिसला असता. काकींनी ० लिहिले, याचा अर्थ काटा ० जवळ होता, आणि दहाला ९ असताना शंभराचा काटा ० जवळ असेल तर तो ० च्या अलीकडेच असू शकतो.

हाच ताळा मार्चच्या नोंदीला लावला तेव्हा आणखी एक चूक सापडली. वहीत १ मार्चला ४७२९ आहे. एककाला ९ असताना दहाचा काटा पुढच्या आकड्याला जवळजवळ टेकलेला असतो. खरे रीडिंग ४७२९ असते, तर काटा ३ वर दिसला असता आणि काकींच्या सवयीने वहीत ३ उमटले असते. त्यांनी २ लिहिले, म्हणजे काटा २ वर येत होता आणि रीडिंग ४७१९ होते. तसे धरले तर मार्चचा वापर १२८ ऐवजी १३८ होतो. मार्च १३८, एप्रिल १३९, मे १४२ अशी ओळ आली तेव्हा काकी म्हणाल्या, “म्हणजे तो मुलगा दर महिन्याला सारखीच वीज जाळतो!” दहा युनिटांची चूक अशीच लपून राहते. शंभराची चूक भांडण लावते, दहाची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

रीडिंग मागे गेल्यासारखे का दिसते

यानंतर मी स्टुलावर चढलो. काचेवर आतून दमट हवेचा धूसर थर होता, कोपऱ्यात कुंभारीण माशीचे मातीचे जुने घरटे होते आणि बाहेरून दिव्याच्या काजळीचा पट्टा. बाहेरची काच कोरड्या फडक्याने पुसली आणि डोळे तबकड्यांच्या उंचीला आणून बॅटरी तिरकी धरली. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. काटे तबकडीपासून थोडे पुढे असतात, त्यामुळे खाली उभे राहून वर पाहिले, किंवा हात उंच करून मोबाइलने खालून फोटो काढला, तर काटे आहेत त्यापेक्षा वर सरकलेले दिसतात. ज्याचा काटा सरळ वर किंवा खाली आहे त्याला फारसा फरक पडत नाही. आडव्या काट्याला, म्हणजे २-३ किंवा ७-८ च्या आसपासच्या काट्याला, पडतो आणि तो आकड्यावर टेकलेला नसताना टेकलेला वाटतो.

तो दिवस १२ जूनचा होता. मी खाली उतरून काकींनाच वाचायला सांगितले. त्यांनी वाचले, “पाच, एक, नऊ, नऊ.” मग मी त्यांना एककापासून पुन्हा वाचायला सांगितले. एककाचा काटा ९ आणि ० यांच्या मध्ये, ० च्या अंगाला होता: ९. दहाचा काटा ९ वर दिसत होता, पण एकक अजून ० पार करून गेलेला नव्हता: म्हणून ८. शंभराचा काटा १ आणि २ यांच्या मध्ये, २ च्या बराच जवळ: १. हजाराचा ५ च्या किंचित पुढे: ५. म्हणजे ५१८९.

काकींना ते पटले नाही, कारण डोळ्यांना ९ दिसत होते. मग भाडेकरूच्या खोलीत पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बादलीत १००० वॉटची पाणी तापवायची कांडी लावली आणि पाण्याला कोणी हात लावू नये म्हणून दार ओढून घेतले. आम्ही सोप्यात चहा घेत बसलो. वीसेक मिनिटांनी एककाचा काटा ० पार करून गेला. दहाचा काटा अजूनही ९ वरच दिसत होता; एवढ्या वेळात तो डोळ्यांना कळेल इतका हललाच नव्हता. पण आता रीडिंग निर्विवादपणे ५१९० होते. काकींच्या पहिल्या वाचनाप्रमाणे ते आधी ५१९९ होते आणि वीज जाळूनही ५१९० झाले. मीटर मागे फिरले अशी जी तक्रार कधीकधी ऐकू येते, ती बहुतेक वेळा अशीच असते. कमी वापराच्या घरात दोन रीडिंगांत फार अंतर नसेल, तर महिन्याची वजाबाकी या एका चुकीने ऋण येते.

ऋण उत्तराचे एक रास्त कारणही आहे. चार तबकड्यांचे मीटर ९९९९ नंतर ०००० वर येते. मागचे रीडिंग ९९२१ आणि आताचे ००५८ असेल, तर आधी १०००० पर्यंतचे ७९ आणि नंतरचे ५८ मिळून १३७ युनिटे होतात. पण मागचे रीडिंग ९००० च्या वर नसताना वजाबाकी ऋण आली, तर ० परत आलेले नाही. मागचे किंवा आताचे वाचन चुकले आहे.

काटाच सरकलेला असेल तर

उजवीकडून वाचूनही कधीकधी जुळत नाही. कोणत्याही काट्याने दोन आकड्यांमधला जितका भाग पार केला असेल, तितकाच उजव्या तबकडीचा आकडा असायला हवा. एककाला ५ असतील तर दहाचा काटा दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये हवा, आणि एकक नुकतेच ० पार करून गेले असेल तर दहाचा काटा एखाद्या आकड्यावर नेमका हवा. तसा तो नसेल, तर काटा आपल्या दांड्यावर थोडा फिरलेला आहे. एका कुळागरातल्या पंपाच्या मीटरवर मी असे पाहिले होते. एकक ० च्या जरा पुढे असे, तरी दहाचा काटा प्रत्येक वेळी आकड्याच्या सुमारे तीन दशांश पुढे उभा असे. पंपाचा हादरा त्याच भिंतीला बसत होता.

अशा मीटरवरही रीडिंग घेता येते, कारण काट्याचे सरकणे अर्ध्या घरापेक्षा कमी असेल तर उजवीकडची तबकडी अजूनही बरोबर आकडा ठरवून देते. उदाहरणार्थ, एककाला ९ आहेत आणि दहाचा काटा ४ च्या दोन दशांश पुढे दिसतो. एककाच्या ९ प्रमाणे तो कुठल्यातरी आकड्याच्या नऊ दशांश पुढे हवा. त्याला जवळची अशी जागा म्हणजे ३ आणि नऊ दशांश, म्हणून दहाला ३. सरकणे अर्ध्या घराच्या आसपास गेले की दोन्ही उत्तरे सारख्याच अंतरावर येतात आणि मग नुसते पाहून ठरवता येत नाही. आणि तेच सरकणे दर महिन्याला वेगळे आढळले, तर काटा सैल झाला आहे. खाजगी सबमीटर असेल तर वीज बंद करून जाणकाराकडून काटा बसवून घ्यावा किंवा मीटर बदलावे. वीज खात्याच्या सील असलेल्या मीटरला हात लावू नये. त्याची लेखी तक्रार करावी.

मीटर खरेच जलद आहे का

काकींच्या घरी वाचनाचा उलगडा झाल्यावरही भाडेकरूला शंका होती, आणि ती दूर करणे सोपे असल्यामुळे मी दोन वेगवेगळ्या परीक्षा घेतल्या. लोक बहुधा त्या एकत्र करतात आणि मग उत्तर चुकते.

तबकड्यांच्या खाली ॲल्युमिनियमची आडवी चकती फिरताना दिसते आणि तिच्या कडेवर एक काळी किंवा लाल खूण असते. मीटरच्या पट्टीवर एका युनिटाला चकतीचे किती फेरे, हे लिहिलेले असते. या मीटरवर ६०० होते. पहिली परीक्षा चकती आणि काटे यांची आहे. ६० फेऱ्यांना एक दशांश युनिट होते, म्हणून कुठलेही उपकरण चालू ठेवून ६० फेरे मोजावेत आणि तेवढ्यात लाल काटा एक घर सरकतो का, हे पाहावे. या मोजणीत विजेचा दाब किंवा उपकरणाचे वॉट यांचा काहीच संबंध येत नाही. इथे फरक पडला तर तबकड्यांच्या दातेरी चाकांत दोष आहे. काकींच्या मीटरवर तो पडला नाही.

दुसरी परीक्षा चकती आणि भार यांची. १००० वॉटचा भार तासाला एक युनिट घेतो, म्हणजे ६०० फेरे, म्हणजे मिनिटाला १०. त्या हिशेबाने २० फेऱ्यांना २ मिनिटे लागायला हवीत. आम्हाला २ मिनिटे २४ सेकंद लागली आणि भाडेकरू लगेच म्हणाला की मीटर तर हळू आहे. पण सोप्यातल्या व्होल्टमीटरवर दाब २१० होता, आणि कांडीवरचे १००० वॉट २३० व्होल्टसाठी असतात. कांडीची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २१० व्होल्टला ती सुमारे ८३४ वॉट घेते, आणि तेवढ्या भाराला २० फेऱ्यांसाठी २ मिनिटे २४ सेकंदच लागतात. मीटर बरोबर होते. ही परीक्षा इस्त्रीवर घेऊ नये, कारण ती तापली की स्वतःहून बंद-चालू होत राहते आणि फेऱ्यांचा वेळ मोजून काही निष्पन्न होत नाही.

शेवटी खोलीतली सगळी उपकरणे प्लगमधून काढून चकती पाहिली. ती थोडी सरकून थांबली, आणि हे योग्य आहे. भार नसताना ती फेऱ्यावर फेरे घेत राहिली तर मात्र मीटर रिकामे चालते. पण तसे ठरवण्याआधी मोबाइलचा चार्जर, टीव्हीचा लाल दिवा आणि इंटरनेटचा डबा खरोखर बंद आहेत ना, हे पाहून घ्यावे.

महिन्याचा वापर आणि दराचे टप्पे

रीडिंग १ तारखेलाच घेता आले तर महिन्याचा वापर ही साधी वजाबाकी आहे. लाल काट्याचा दशांश सोडून दिला तरी नुकसान होत नाही, कारण या महिन्यात सोडलेला भाग पुढच्या रीडिंगमध्ये आपोआप येतो.

तारीख पुढे-मागे झाली की मात्र दिवस मोजावे लागतात. समजा, १ जूनला काकी गावाला गेल्या असत्या आणि रीडिंग ४ जूनला ५१५२ असे घेतले असते. ४९९६ वजा केल्यावर १५६ युनिटे येतात, पण ती १ मे पासूनच्या ३४ दिवसांची आहेत. १५६ ला ३४ ने भागून दिवसाचे सुमारे ४.५९ युनिटे, आणि त्यांना मेच्या ३१ दिवसांनी गुणून १४२. महिन्याचा हिशेब १४२ चा धरावा आणि उरलेली १४ जूनच्या खात्यात टाकावीत. हे एवढे काटेकोरपणे करायला हवे, याचे कारण दरांत आहे.

गोव्यात घरगुती विजेचा दर १०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. काकी आणि भाडेकरू यांच्यात त्याच टप्प्यांनी पैसे घ्यायचे ठरले होते. त्यामुळे “या महिन्यात १०० जास्त लागली तर पुढच्या महिन्यात १०० कमी लागतील, बरोबरी होईल” हे काकींचे म्हणणे युनिटांपुरते खरे होते, पैशांपुरते नव्हते. बरोबर रीडिंगप्रमाणे एप्रिलचे १३९ आणि मेचे १४२ मिळून २०० युनिटे पहिल्या टप्प्यात, ८१ दुसऱ्या टप्प्यात आणि तिसऱ्यात एकही नाही. वहीतल्या २३९ आणि ४२ प्रमाणे पहिल्या टप्प्यात १४२, दुसऱ्यात १००, आणि तिसऱ्यात ३९. दोन्हीकडे बेरीज २८१ हीच येते, पण भाडेकरूने ५८ युनिटे स्वस्त दराऐवजी वरच्या दोन टप्प्यांच्या दराने भरली होती. पुढच्या महिन्यात आकडा खाली आला म्हणून तो फरक परत मिळत नाही. तो दोन महिन्यांचा हिशेब पुन्हा मांडून द्यावा लागतो, आणि काकींनी तो त्याच संध्याकाळी मांडला.

१ जुलैपासून त्यांच्या वहीत अंकांच्या आधी चार गोल असतात आणि प्रत्येक गोलात काटा जसा दिसतो तसा पेन्सिलीने काढलेला असतो. अंक नंतर, उजवीकडून. वाचनात चूक झालीच, तर त्या चार गोलांवरून दोन महिन्यांनीही ती काढता येते.